न्हावा शेवाच्या यार्डात मोजले जाणारे दिवस

उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर 1989 साली सुरू झाले. आज महाराष्ट्रातील बहुतेक आयातदारांचा माल याच दारातून येतो. जहाज धक्क्याला लागले की माल हाती आल्यासारखा वाटतो, मात्र अनेक व्यापाऱ्यांचा अनुभव वेगळा आहे. समुद्रावरचे तीन आठवडे वेळापत्रकाप्रमाणे सरतात आणि खरा खोळंबा जमिनीवरच्या शेवटच्या चारशे किलोमीटरांत होतो. कंटेनर जहाजावरून उतरल्यापासून बंदराच्या फाटकाबाहेर पडेपर्यंतच्या काळाला बंदर व्यवसायात ‘ड्वेल टाइम’ म्हणतात. हा काळ कशाने वाढतो हे समजले, तर बंदरातील गर्दीचे कोडेही बरेचसे उलगडते.

बंदरात गर्दी झाली म्हणजे जहाजे जास्त आली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. समजा, एखाद्या टर्मिनलवर दररोज 5,000 कंटेनर उतरतात आणि प्रत्येक कंटेनर सरासरी तीन दिवस थांबतो. मग यार्डात कोणत्याही क्षणी 15,000 कंटेनर असतील. व्यापार तेवढाच राहिला, एकही जहाज वाढले नाही, फक्त मुक्काम तीनाचा चार दिवस झाला, तरी यार्डात 20,000 कंटेनर साचतात. एका दिवसाच्या आळसाने जागेची गरज एक तृतीयांशाने वाढते.

दुसरी अडचण रचण्याच्या पद्धतीत आहे. यार्डात कंटेनर एकावर एक चार-पाच थरांत ठेवलेले असतात. तळाचा हवा असेल तर वरचे सगळे उचलून बाजूला ठेवावे लागतात. बाजूला रिकामी जागा असते तोवर हे काम झटपट होते. यार्ड सत्तर-पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर भरले की क्रेनचा बराचसा वेळ या हलवाहलवीतच जातो. फाटकावर ट्रेलरची रांग लागते, जहाजावरून उतरणाऱ्या कंटेनरांना जागा उरत नाही आणि मागून आलेले जहाज नांगर टाकून वाट पाहते. म्हणजे समुद्रात दिसणाऱ्या गर्दीचे मूळ पुष्कळदा जमिनीवरच असते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे उघड दिसले. जहाजे येतच होती, पण ट्रेलरचे चालक गावी गेले होते, कारखाने व गोदामे बंद होती. माल उचलायला कोणी नसल्याने देशातील बंदरांची यार्डे भरत गेली.

अर्थात समुद्राकडूनही धक्के बसतात. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि मोठ्या कंपन्यांनी सुवेझऐवजी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालण्यास सुरुवात केली. या वळशाने युरोपच्या फेऱ्या दहा ते चौदा दिवसांनी लांबल्या. पण लांबलेल्या दिवसांपेक्षा विस्कटलेल्या वेळापत्रकाने अधिक त्रास दिला. दर आठवड्याला एक जहाज यावे, त्याऐवजी एका आठवड्यात एकही नाही आणि पुढच्या आठवड्यात तीन एकदम, असे होऊ लागले. 2024 च्या मध्यास सिंगापूर बंदरात अशीच दाटी झाली. चीनहून भारताकडे येणाऱ्या ज्या मालाची जहाजबदली तेथे होते, त्यालाही तिचा फटका बसला. युरोपशी ज्याचा काडीचाही संबंध नाही अशा व्यापाऱ्याचा माल तांबड्या समुद्रामुळे अडावा, हे वरकरणी विचित्र वाटते; पण जहाजे आणि धक्के सर्वांचे एकच असतात.

आता एक उदाहरण. समजा, सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांना बटणे आणि झिप पुरवणारा एक व्यापारी आहे. जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणून शिलाई फेब्रुवारी-मार्चमध्ये जोर धरते. माल निंगबोहून येतो. चिनी नववर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी यांच्या दरम्यान केव्हाही येते, तेव्हा कारखाने दोन-तीन आठवडे बंद असतात आणि त्याआधी माल काढण्याची सगळ्यांनाच घाई असते. या व्यापाऱ्याचा चाळीस फुटी कंटेनरही त्याच लाटेत निघतो आणि एका शुक्रवारी न्हावा शेवाला उतरतो. शिपिंग लाईनने पाच दिवस मोफत दिलेले आहेत.

बँकेतून कागद सुटल्याशिवाय बिल ऑफ एंट्री भरायचे नाही, ही व्यापाऱ्याची जुनी सवय. कंटेनर रविवारी बंदरातून सीएफएसमध्ये जातो. बिल सोमवारी, चौथ्या दिवशी भरले जाते. इनव्हॉइसवर नुसते ‘कपड्यांचे साहित्य’ असे लिहिलेले आहे. बटणांचा शीर्षक क्रमांक 9606, झिपचा 9607. कोणत्या मालाचे किती वजन, किती मूल्य, अशी विचारणा मंगळवारी कस्टम्सकडून येते. हल्ली मूल्यांकन करणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो, त्यामुळे समक्ष भेटून समजावण्याची सोय राहिलेली नाही. निंगबोहून तपशील येऊन उत्तर जाईपर्यंत गुरुवार उजाडतो. शुक्रवारी शुल्क भरले जाते, शनिवारी सीएफएसमध्ये तपासणी होते, सोमवारी माल सोडण्याचा आदेश आणि लाईनची डिलिव्हरी ऑर्डर मिळते. मंगळवारी ट्रेलर निघतो, बुधवारी सोलापुरात माल उतरतो आणि रिकामा कंटेनर लाईनच्या यार्डात शुक्रवारी पोहोचतो. हा पंधरावा दिवस.

या पंधरा दिवसांत बंदराने घेतले जेमतेम दोन. रस्त्याने आणि रिकामा कंटेनर परत करण्याने घेतले चार. उरलेले नऊ कागदांनी, प्रश्नोत्तरांनी आणि सुट्टीने खाल्ले. खर्चाची घड्याळे मात्र तीन चालू होती. सीएफएसचे जागाभाडे कंटेनर तेथे पोहोचल्यापासून निघेपर्यंत मोजले जाते. लाईनचे डिटेन्शन कंटेनर उतरल्यापासून रिकामा परत मिळेपर्यंत चालते. माल गोदामात पोहोचला म्हणून ते थांबत नाही, हे अनेकांच्या लक्षात बिल हाती आल्यावरच येते. तिसरे घड्याळ कायद्याचे. कस्टम्स कायद्याच्या कलम 46 नुसार बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचे असते. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस दररोज 5,000 रुपये आणि पुढे दररोज 10,000 रुपये आकार लागतो.

हाच कंटेनर वेगळ्या रीतीने आणता येतो. बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या तीस दिवस आधीपासून भरता येते आणि कागद संगणकावर चढवायचे असल्याने त्यासाठी प्रती पुरतात. मूळ बिल ऑफ लेडिंग लागते ते लाईनकडून डिलिव्हरी ऑर्डर घेताना. विक्रेता जुना व विश्वासू असेल तर मूळ कागदाऐवजी तारेने मुक्तता घेण्याची रीत आहे, म्हणजे बँकेच्या टपालाची वाट पाहावी लागत नाही. इनव्हॉइसवर बटणे आणि झिप निरनिराळ्या ओळींत, वजन-मूल्यासह लिहून मागवायची. तरीही विचारणा आलीच, तर तिचे उत्तर जहाज समुद्रात असताना दिले जाते. तेव्हा कोणतेही भाडे चढत नसते.

न्हावा शेवा येथे थेट बंदरातून माल नेण्याची, म्हणजे डीपीडीची, सोय आहे. तीत कंटेनर सीएफएसमध्ये न जाता बंदरातूनच आयातदाराच्या ट्रेलरवर चढतो, पण 48 तासांत उचलावा लागतो. नाही तर तो सीएफएसकडे रवाना होतो आणि वाहतुकीचा खर्च दोनदा बसतो. तपासणीसाठी निवडलेल्या कंटेनरला हा मार्ग मिळेलच असे नाही. म्हणून कागद आधी पूर्ण झालेले असतील आणि ट्रेलर ठरलेला असेल तरच डीपीडी फायद्याची. हे जमले तर आपल्या उदाहरणातला कंटेनर रविवारी बंदराबाहेर, सोमवारी सोलापुरात आणि बुधवारी परत, म्हणजे सहा दिवसांत काम आटोपते.

सहावा दिवसही मोफत पाचांच्या पलीकडचाच. त्यावर दोन उपाय व्यापारात रुळलेले आहेत. पहिला, मोफत दिवस वाढवून घेणे. ही बोलणी जहाजभाडे ठरवतानाच करायची असतात. कंटेनर अडकल्यानंतर लाईन सहसा ऐकत नाही. भाडे विक्रेता भरत असेल तर आयातदाराला वाटाघाटीत स्थान नसते, स्वस्त वाटणाऱ्या सौद्यातली ही छुपी किंमत. दुसरा उपाय म्हणजे सीएफएसमध्ये किंवा पनवेलजवळच्या गोदामात माल उतरवून साध्या ट्रकने सोलापूरला नेणे. हमाली दोनदा लागते, पण रिकामा कंटेनर चारशे किलोमीटर परत आणावा लागत नाही. नाजूक मालाला हा मार्ग बरा नव्हे. बटणांच्या पेट्यांना चालतो.

गर्दी येत असल्याची चिन्हे बहुधा आधी दिसतात. जहाजबदलीच्या बंदरात कंटेनर नेहमीपेक्षा जास्त दिवस पडून राहतो, लाईन गर्दीचा अधिभार जाहीर करते, एजंट ट्रेलरचा दर वाढल्याचे सांगतो. भारतातील बंदरात उतरल्यावर कंटेनर कोठे आहे हे त्याच्या क्रमांकावरून www.ldb.co.in या संकेतस्थळावर पाहता येते. ही माग काढण्याची व्यवस्था 2016 मध्ये न्हावा शेवापासूनच सुरू झाली.

साठा किती ठेवायचा हा प्रश्न मात्र सरासरीने सुटत नाही. सरासरी तीन दिवसांची असली तरी एखादा कंटेनर बारा दिवस थांबतो आणि शिलाई बंद पडते ती त्या एका कंटेनरमुळे. जाणते आयातदार आपल्या मागच्या वीसेक कंटेनरांची साधी वही ठेवतात. उतरल्याची तारीख, बिल भरल्याची, फाटकाबाहेर पडल्याची, रिकामा परत केल्याची. त्या वीसांतील सर्वांत उशिराचे दोन जितके दिवस थांबले, तितक्या दिवसांचा माल ते हंगामाच्या तोंडावर गोदामात ठेवतात. सोलापूरचा व्यापारी याच हिशेबाने एका मोठ्या कंटेनरऐवजी दोन वीस फुटी कंटेनर निरनिराळ्या जहाजांतून, पहिला डिसेंबरच्या आरंभी आणि दुसरा महिनाअखेरीस, मागवू शकतो. भाडे थोडे जास्त पडते. पण नववर्षाच्या लाटेत दुसरा अडकला, तरी मार्चच्या शिलाईला पुरेशी बटणे तोवर सोलापुरात पोहोचलेली असतात.