पाच पेट्यांचा हिशेब

बागेत मधपेट्या ठेवायच्या असतील, तर मधाआधी पावसाचा विचार करावा. सह्याद्रीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर माशांना बाहेर पडायला उसंत नसते, फुलोराही तुटपुंजा असतो. उपासमार झाली की आपली सातेरी माशी पेटी सोडून सरळ निघून जाते. नवख्या माणसाच्या पेट्या बहुधा याच काळात रिकाम्या होतात.

ती जाणार हे आधी ओळखता येतं. पावसाने उघडीप दिली की पेटीच्या दाराकडे थोडा वेळ पाहत बसावं. पायांना परागाचे पिवळे गोळे लावून माशा आत शिरत असतील, तर आत पिलावा आहे, राणी अंडी घालते आहे. गोळे येईनासे झाले की चौकट उचलून बघावी. अंडी दिसत नाहीत, मध संपत आला आहे, पोळ्याच्या कडेला मेणपतंगाच्या अळीची जाळी आहे, असं असेल तर तेवढं पोळं कापून टाकावं आणि संध्याकाळी साखरेचा पाक द्यावा. जितकी साखर तितकंच पाणी, उकळून गार केलेलं. फुलोऱ्याच्या आधी मात्र हा पाक बंद केलाच पाहिजे, नाहीतर तोच मधकोठीत साठतो.

आता पैशाचं. वसाहतीसह सातेरीची पेटी साडेचार हजारांना धरली, तर पाच पेट्यांचे २२,५०० होतात. मधयंत्र, धुराडं आणि जाळीचा बुरखा मिळून आणखी साडेपाच हजार. म्हणजे २८,००० रुपये. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत निम्मं अनुदान आहे. त्यासाठी प्रशिक्षण लागतं. महाबळेश्वरचं मध संचालनालय ते देतं. अनुदान नसतं तरी मी म्हणेन, आधी शिका, मग पेटी घ्या. राणी ओळखणं आणि वसाहत विभागणं हाताखाली शिकल्याशिवाय येत नाही.

एका जागी ठेवलेली सातेरीची पेटी वर्षाला चार-पाच किलो मध देते. पाचपैकी दोन वसाहती गेल्या असं समजू. उरलेल्या तिघींचा पंधरा किलो, सहाशेच्या भावाने नऊ हजार. पहिल्या वर्षी भांडवल सुटत नाही. तीस किलोंचे आकडे ऐकू येतात ते मेलिफेरा माशीचे, आणि त्यासाठी पेट्या ट्रकमध्ये घालून फुलोऱ्यामागे फिरावं लागतं. दोन एकरवाल्याला ते झेपत नाही.

मध काढताना घाई नको. घरांवर मेणाची झाकणं आलेलीच चौकट घ्यावी. चौकट आडवी धरून झटका दिल्यावर थेंब उडाले, तर मध कच्चा आहे. असा मध बाटलीत आंबतो. विकायला एफएसएसएआयची नोंदणी हवी. थंडीत मध बाटलीत गोठला की गिऱ्हाईक साखरेची शंका घेतं, तेव्हा लेबलावरच छापावं: मध गोठतो, बाटली कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतो.