अधिकार आहे, पण तो वापरला कशासाठी?

सरकारी वा नगरपालिकेचा हुकूम जाचक वाटला की, "हा सूडबुद्धीने काढला" असे आपण चटकन म्हणून जातो. परंतु न्यायालयात सिद्ध करण्यास हा आरोप सर्वांत अवघड असतो, आणि पुष्कळदा त्याची गरजही नसते. हुकूम रद्द होण्याची तीन कारणे दिसायला सारखी, पण निरनिराळी आहेत. ती ओळखण्यास तीन प्रश्न पुरतात, असे आम्हांस वाटते.

पहिला प्रश्न : निर्णय घेताना काय विचारात घेतले? लंडनमधील पॉप्लर भागाच्या कौन्सिलला आपल्या नोकरांस योग्य वाटेल ते वेतन देण्याचा अधिकार होता. तिने स्त्री-पुरुष सर्वांस आठवड्यास किमान ४ पौंड दिले. चालू मजुरीचा दर आणि उतरलेली महागाई तिने पाहिली नाही. आदर्श मालक कसा असावा, एवढेच पाहिले. १९२५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ते बेकायदा ठरविले. मन चांगले, काम वेतन देण्याचेच. पण तराजूत भलते वजन पडले. हा अप्रस्तुत विचार होय.

दुसरा प्रश्न : अधिकार कोणत्या कामासाठी वापरला? सिडनी नगरपालिकेला शहराच्या सुधारणेसाठी जमीन घेता येत असे. तिने एका रस्त्याच्या विस्तारालगतची जादा जमीन घेतली. परंतु त्या जमिनीवर कसली सुधारणा करावयाची याची योजनाच नव्हती. वाढणाऱ्या किमतीचा लाभ मिळविणे हाच उद्देश होता. १९२५ सालीच प्रिव्ही कौन्सिलने ही कृती अवैध ठरविली. वैर कोणाशीच नव्हते. पैसाही नगराच्याच तिजोरीत जाणार होता. तरी प्रयोजन कायद्यातले नव्हते.

तिसरा प्रश्न : हुकूम काढणाऱ्याच्या मनात काय होते? पंजाबातील एका सिव्हिल सर्जनची निवृत्तिपूर्व रजा जून १९६१ मध्ये रद्द करून त्यांस निलंबित करण्यात आले. कारण दिले चौकशीचे, आणि असे करण्याचा अधिकार सरकारला होताच. मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों यांचा राग यामागे आहे, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. त्यांनी तपशीलवार प्रतिज्ञापत्र केले, ध्वनिमुद्रित संभाषणेही दाखल केली. मुख्यमंत्र्यांनी स्वतः प्रतिज्ञापत्र करून काहीच नाकारले नाही. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे हुकूम रद्द केले. ही दुर्भावना, वकील तिला 'मॅलाफायडी' म्हणतात.

येथे एक मर्यादा ध्यानी ठेवावी. काम खरोखर कायद्याच्या हेतूचेच असेल, तर अधिकाऱ्याच्या मनातील नुसत्या रागाने हुकूम पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली जमीन-संपादनाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे.

म्हणून हुकूम हाती पडताच प्रथम त्यातील कारणे आणि मूळ कायद्याचा हेतू शेजारी ठेवून वाचावीत. पहिले दोन दोष बहुधा कागदांतूनच दिसतात. तिसऱ्यासाठी मात्र व्यक्तीचे नाव, प्रसंग व तारखा द्याव्या लागतात, आणि त्या व्यक्तीस पक्षकार करावे लागते. केवळ संशयावर तो आरोप टिकत नाही.