मुलाखतीनंतरची आठ ओळींची मेल

भाचीने मुलाखत दिली त्या रात्री तिने मला व्हॉट्सअॅपवर एक मजकूर पाठवला : "मामा, आभाराची मेल लिहिलीय, बघ ना." मजकूर बारा ओळींचा होता. त्यातल्या नऊ ओळींत ती बी.कॉम. आहे, तिला टॅली येतं, चार वर्षांचा अनुभव आहे, ती मेहनती आहे वगैरे. हे सगळं तिच्या बायोडेटात होतं आणि तो बायोडेटा समोर ठेवूनच तर त्यांनी तिला प्रश्न विचारले होते. मी स्वतः हिशेब खात्यात असताना मुलाखती घेतल्या आहेत. अशी मेल आली की पहिली ओळ वाचून मी पुढच्या मेलकडे वळायचो.

मी तिला फोन करून एवढंच विचारलं, "त्यांची नेमकी अडचण काय आहे, हे तुला कशावरून कळलं?"

ती थोडी थांबली, मग आठवून सांगू लागली. कंपनी सुट्या भागांची, खरेदीची बिलं महिन्याला हजारभर. अकाउंट्सच्या मॅनेजर बाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "चौदा तारखेनंतर आमच्याकडे कुणी रजा मागत नाही." जीएसटीचं काम करणाऱ्याला यातली मेख लगेच कळते. विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून तयार होणारा जीएसटीआर-२बी हा तक्ता पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर येतो आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांची मुदत २० तारखेला संपते. मधल्या सहा दिवसांत आपल्या खरेदीवहीतलं प्रत्येक बिल त्या तक्त्याशी जुळवायचं. जे बिल तिथे दिसत नाही, त्यावर भरलेल्या कराची वजावट त्या महिन्यात अडकते.

त्यावर बाईंनी विचारलं होतं, "तुम्ही कसं जुळवता?" आणि ही म्हणाली होती, "एक्सेलमध्ये व्हीलूकअप लावते." उत्तर चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. घरी येताना बसमध्ये तिला उरलेला भाग आठवला. बिल क्रमांकावरून जुळवायला गेलं की निम्म्या वेळा गाडी अडते, कारण विक्रेता 'एबी/००४५/२४-२५' असं भरतो आणि आपल्या माणसाने वहीत नुसतं '४५' लिहिलेलं असतं. म्हणून आधी विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक आणि करपूर्व रक्कम या दोन गोष्टींवर जुळवायचं आणि उरतील त्यांचीच बिलं हातात घ्यायची.

मेलमध्ये घालायची गोष्ट ही. नऊ ओळी काढल्या आणि सकाळी साडेदहाला मेल गेली. मूळ इंग्रजीत होती. मराठीत सांगायची तर अशी :

"विषय : काल झालेली मुलाखत – अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह. मॅडम, काल वेळ दिल्याबद्दल आभार. १४ ते २० तारखेदरम्यानच्या कामाबद्दल तुम्ही सांगितलंत, त्यावरून ही जागा नेमकी कशासाठी आहे ते कळलं, आणि ते काम मला आवडतं. बिलं कशी जुळवता या प्रश्नाला मी अर्धंच उत्तर दिलं होतं. बिल क्रमांक लिहिण्याची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून मी आधी जीएसटी क्रमांक आणि करपूर्व रक्कम जुळवते. उरलेली बिलंच हाताने तपासावी लागतात. आणखी काही माहिती हवी असल्यास जरूर कळवा."

'मी या कामाला योग्य आहे' हे वाक्य त्यात कुठेच नाही, हे मुद्दाम. बाईंची अडचण बाईंच्याच शब्दांत आली, तिथेच ते सांगून झालं. जुन्या कंपनीचं नाव, तिथल्या विक्रेत्यांची नावं, रकमा हेही नाही. दुसऱ्याच्या घरचं इथे सांगणारी उद्या आपल्या घरचं बाहेर सांगेल, हा विचार वाचणाऱ्याच्या मनात येतोच. तिला पगाराचाही एक प्रश्न घालायचा होता, तो मी काढायला लावला. आभाराच्या पोटी मागणी निघाली की आभार खोटे वाटतात.

पॅनेलवर दोघं-तिघं असले तर एकच मजकूर सगळ्यांना पाठवू नये, ते एकमेकांना दाखवतात. पत्ता मिळाला नसेल तर ज्या एचआरने बोलावलं त्यांनाच लिहावं आणि पुढे पाठवायची विनंती करावी. मॅनेजरचा खासगी नंबर शोधून व्हॉट्सअॅप करणं म्हणजे आगाऊपणा. आणि मुलाखतच पार बिघडली असेल, तर कितीही चांगली मेल ती सावरत नाही. दोन उमेदवार जवळपास सारखे असताना मात्र अशा मेलचा उपयोग झालेला मी पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचं उत्तर आलं. आभार नाहीत, शुभेच्छा नाहीत, एकच ओळ : "एकाच विक्रेत्याची सारख्याच रकमेची दोन बिलं असली तर?"

भाचीने मला न विचारताच उत्तर दिलं : "मग तारीख बघते, आणि तारीखही तीच असेल तर बिल क्रमांकातला अनुक्रमांक."