खांबाआडचं अक्षर

रस्त्यापलीकडच्या होर्डिंगचा फोटो काढला आणि नेमका विजेचा खांब मध्ये आला, तर आधी पाहायचं ते खांब कुणाच्या जवळ आहे. समजा, होर्डिंग ६० मीटरवर आणि १५ सेंटिमीटर जाडीचा खांब आपल्यापासून १० मीटरवर आहे. तो होर्डिंगवरचा जवळपास ९० सेंटिमीटरचा पट्टा झाकतो. पण अर्धा मीटर उजवीकडे सरकलात, की तो पट्टा अडीच मीटर डावीकडे जातो. असे दोन फोटो शेजारी ठेवले की बहुतेक मजकूर जुळतो. खांब होर्डिंगला खेटून असेल, तर मात्र अर्ध्या मीटरने काहीच फरक पडत नाही. बरंच चालावं लागतं.

एकच फोटो हाताशी असेल, तर अक्षरांची रुंदी मदतीला येते. ‘पुस्तक प्रद…न’ एवढंच दिसतंय असं धरा. ‘प्रदान’ की ‘प्रदर्शन’? ‘प्रदान’मध्ये द आणि न यांच्यामध्ये फक्त काना असतो. तेवढ्या जागेवर रुंद पट्टा आला असता, तर द किंवा न थोडा तरी कापला गेला असता. दोन्ही अक्षरं अख्खी दिसत असतील, तर मध्ये एक पूर्ण अक्षर आहे. शिरोरेषेच्या वर रफाराचं टोक डोकावत असेल, तर ‘प्रदर्शन’बद्दल शंका उरत नाही.

फांदीची तऱ्हा वेगळी. ती बहुधा वरून लोंबते आणि शिरोरेषेवरच्या मात्रा खाते. मग दागिन्यांच्या जाहिरातीतले ‘मोती’ सरळ ‘माती’ होतात! वाचलेला शब्द अर्थपूर्ण असतो, म्हणूनच अशी चूक लवकर लक्षात येत नाही. पानांच्या वर मात्रेचा शेंडा दिसतो का, हे फोटो मोठा करून पाहावं. दुसऱ्या ओळीतला विषयही साक्ष देतो.

तारखेचा शोध अधिक मजेदार. ‘२▢ ऑगस्ट २०२६, रविवार’ यातला दुसरा आकडा झाकलेला आहे. त्या महिन्यातले रविवार २, ९, १६, २३ आणि ३०. दोनने सुरू होणारी दोन आकड्यांची तारीख एकच, २३. वार छापलेला नसता, तर दहा शक्यता उरल्या असत्या.

फोन नंबरला असा वार नसतो. दोन आकडे झाकले, तर शंभर शक्यता, आणि शेजारचे आकडे काहीच सांगत नाहीत. त्यात नंबर बहुधा बारीक असतो. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४००० ठिपके रुंद असतो. ६० मीटरवर एका मीटरच्या वाट्याला पन्नासेक ठिपके येतात, म्हणजे १० सेंटिमीटर उंच आकड्याला फक्त पाच. तेवढ्यात तीन आणि आठ सारखेच दिसतात, मग मध्ये खांब असो वा नसो. स्क्रीनवर दोन बोटांनी फोटो मोठा केला, तर तेच पाच ठिपके मोठे होतात. नंबर हवाच असेल, तर रस्ता ओलांडावा.