फोटोवर चष्मा चढवताना: फ्रेमचे माप आणि चेहऱ्याचे माप

चष्म्याची नवी फ्रेम निवडताना सर्वांत मोठी अडचण जास्त नंबर असलेल्यांना येते. दुकानातल्या फ्रेममध्ये बिननंबरी डेमो काचा असतात. उणे पाच नंबरच्या माणसाला त्यांतून वीस सेंटीमीटरपलीकडचे सगळे धूसर दिसते. आरशातले प्रतिबिंब तर आरशामागे तितक्याच अंतरावर असते, त्यामुळे स्वतःचा चेहरा स्पष्ट दिसण्यासाठी त्याला आरशापासून दहा सेंटीमीटरवर नाक न्यावे लागते. एवढ्या जवळून फ्रेम चेहऱ्याला शोभते की नाही, हे कळणे अशक्यच. म्हणून ग्राहकाचा फोटो घ्यायचा, त्यावर फ्रेमचे चित्र बसवायचे आणि जुना चष्मा घालून त्याला ते पडद्यावर पाहू द्यायचे, ही सोय उपयोगी पडते. मात्र चित्रातली फ्रेम खरी जेवढी आहे तेवढीच दिसली पाहिजे. डोळ्यांवर अंदाजाने ताणून बसवलेली फ्रेम प्रत्येक चेहऱ्याला छानच दिसते आणि त्यातून काहीच कळत नाही.

फ्रेमचे माप काडीच्या आतल्या बाजूला छापलेले असते, उदाहरणार्थ 52□18-140. पहिला आकडा एका काचेची आडवी रुंदी, दुसरा दोन काचांमधले नाकावरचे अंतर आणि तिसरा काडीची लांबी, सगळे मिलीमीटरमध्ये. मधला चौकोन सांगतो की काचेचा आकार कसाही असला तरी तिला घट्ट वेढणारा आयत कल्पून रुंदी मोजली आहे. पहिले दोन आकडे मिळवले की दोन काचांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मिळते. इथे ते ७० मिलीमीटर आहे. फ्रेमची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची पूर्ण रुंदी मात्र या आकड्यांत नसते, कारण कडांची जाडी आणि बिजागरीकडचा भाग प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. ती पट्टीने मोजावी लागते. या फ्रेमची पूर्ण रुंदी १३८ मिलीमीटर भरली असे धरू.

चेहऱ्याच्या बाजूने सर्वांत भरवशाचे माप म्हणजे दोन बाहुल्यांमधले अंतर, ज्याला दुकानात सगळे पीडी म्हणतात. प्रौढांमध्ये ते साधारण ५४ ते ७४ मिलीमीटर असते. काचा बनवण्यासाठी ते मोजावेच लागते, म्हणजे दुकानदाराकडे ते आयते असते. ग्राहकाचा पीडी ६२ असेल आणि फोटोत दोन बाहुल्यांमध्ये ४९६ पिक्सेल भरत असतील, तर एका मिलीमीटरला ८ पिक्सेल पडले. मग १३८ मिलीमीटरची फ्रेम ११०४ पिक्सेल रुंद काढायची. हिशेब इथे संपला असे वाटते आणि बहुतेक चुका नेमक्या इथूनच सुरू होतात.

फोटोत मिलीमीटरला किती पिक्सेल, हे प्रमाण सगळ्या चेहऱ्याला एकच नसते. जी गोष्ट कॅमेऱ्याच्या जवळ ती मोठी दिसते. बाहुली डोळ्याच्या पारदर्शक पटलाच्या थोडी मागे असते आणि चष्मा त्या पटलापुढे सव्वा सेंटीमीटरच्या आसपास बसतो. म्हणजे बाहुल्यांच्या प्रतलापेक्षा फ्रेमचे प्रतल सुमारे दीड सेंटीमीटर पुढे आहे. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत फोन चेहऱ्यापासून ४० सेंटीमीटरवर असतो. त्या अंतरावर दीड सेंटीमीटर पुढे असलेली वस्तू जवळजवळ ४ टक्के मोठी दिसते. बाहुल्यांवरून काढलेले प्रमाण वापरले तर फ्रेम तेवढी लहान काढली जाते.

भरीला दुसरी चूक त्याच दिशेने येते. जवळच्या फोनकडे पाहताना दोन्ही डोळे आत वळतात. ४० सेंटीमीटरवर या वळण्यामुळे बाहुल्या एकमेकींच्या सुमारे दीड मिलीमीटर जवळ येतात. दूर पाहताना मोजलेला पीडी ६२, पण फोटोत प्रत्यक्ष ६०.५ मिलीमीटरच आहेत. दोन्ही चुका मिळून फ्रेम सुमारे ६ टक्के लहान दिसते, म्हणजे १३८ मिलीमीटरची फ्रेम चित्रात १३० मिलीमीटरची. चष्म्याच्या बाबतीत आठ मिलीमीटर हा किरकोळ फरक नाही. मध्यम आणि मोठ्या आकाराच्या फ्रेममध्ये एवढेच अंतर असते. चित्रात नेटकी दिसलेली फ्रेम हातात आल्यावर कानशिलांच्या बाहेर डोकावते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

घरून फोटो पाठवणाऱ्याचा पीडी माहीत नसतो, तेव्हा कपाळावर एटीएम कार्ड धरायला सांगतात. ही कार्डे जगभर एकाच मापाची, ८५.६ मिलीमीटर रुंद असतात. कपाळावरचे कार्डही बाहुल्यांच्या पुढे असते, त्यामुळे जवळून काढलेल्या फोटोत त्याच्या आधाराने पीडी मोजला तर तो दोन-अडीच मिलीमीटर कमी येतो. डोळे आत वळल्यामुळे येणारी घट वेगळीच. काचा बनवायला असे माप घातक आहे. गंमत अशी, की फ्रेमचे चित्र बसवायला तेच कार्ड चांगले काम देते, कारण ते जवळपास चष्म्याच्याच प्रतलात धरलेले असते. ज्या प्रतलात वस्तू बसणार, त्याच प्रतलातले माप घ्यायचे, एवढे सूत्र पाळले की पुष्कळ गोंधळ टळतो.

कार्ड न वापरणारी काही ॲप डोळ्याच्या रंगीत बुबुळाची रुंदी मोजतात, कारण ती बहुतेक माणसांत ११.७ मिलीमीटरच्या आसपास असते. पण त्यात अर्ध्या मिलीमीटरचा फरक सहज पडतो, आणि ११.७ मध्ये अर्धा म्हणजे ४ टक्क्यांहून जास्त. खोली मोजणारा कॅमेरा असलेल्या फोनमध्ये चेहऱ्याचा प्रत्येक बिंदू किती दूर आहे हेच कळत असल्याने ही अडचण कमी होते. अमेरिकेतल्या वॉर्बी पार्करने २०१९मध्ये आपली सोय अशाच आयफोनवर आणली.

दुकानात फोटो काढताना यांतले काहीच लागत नाही. फोन दीड मीटर दूर न्यायचा, दुप्पट झूम वापरायचा आणि ग्राहकाला कॅमेऱ्याच्या अगदी वरून लांबच्या भिंतीकडे पाहायला सांगायचे. डोळे सरळ राहतात आणि प्रतलाचा फरक एक टक्क्यावर येतो. ११०४ पिक्सेलमध्ये एक टक्का मिळवून फ्रेम १११५ पिक्सेल केली की तोही मिटतो. जवळच्या फोटोत नाक फुगलेले दिसते, तेही टळते. अमेरिकेत २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच फुटांच्या तुलनेत एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते असे आढळले होते. फुगलेल्या नाकावर कुठलीच फ्रेम बरी दिसत नाही.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा आणि चेहरा सरळ समोर. मान दहा अंश वळली तर बाहुल्यांमधले अंतर दीड टक्काच घटते, पण वीस अंशांवर ते सहा टक्के होते. वळलेली मान ओळखायला दोन्ही कानांकडे पाहावे. एक जास्त दिसला की फोटो पुन्हा काढावा. मान खांद्याकडे कलली असेल तर फारसे बिघडत नाही, दोन बाहुल्यांना जोडणाऱ्या रेषेइतकी फ्रेम फिरवली की झाले. फ्रेमचा फोटोही तेवढ्याच अंतरावरून, समोरून, पांढऱ्या कागदापुढे आणि तिच्याच प्रतलात मोजपट्टी ठेवून काढावा. त्यात १३८ मिलीमीटरला १६५६ पिक्सेल भरले, म्हणजे मिलीमीटरला १२, तर ते चित्र १११५ पर्यंत आणण्यासाठी ६७ टक्के करायचे.

रुंदी जमली तरी फ्रेम किती वर किंवा खाली बसवायची, हा प्रश्न राहतो, आणि याचे उत्तर मोजून नव्हे तर नाकावरून मिळते. फ्रेम डोळ्यांना धरून नसते, ती नाकावर टेकते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तशाच बांधणीची एक डेमो फ्रेम ग्राहकाला घालून पहिला फोटो काढायचा आणि मग फ्रेम काढून दुसरा. पहिल्या फोटोत ३८ मिलीमीटर उंचीच्या काचेत बाहुली खालच्या कडेपासून २१ मिलीमीटरवर दिसली, तर ती मध्यापेक्षा दोन मिलीमीटर वर आहे. बाहुली मध्याच्या थोडी वर असणे हे सर्वसाधारण बसणीचे लक्षण आहे. मधला पूल नाकाच्या ज्या जागी टेकला, तिथेच नव्या फ्रेमचा पूल ठेवायचा. हाच पहिला फोटो पडताळ्यालाही उपयोगी पडतो: त्या डेमो फ्रेमचे चित्र त्याच पद्धतीने बसवून पाहावे, आणि कडा खऱ्या फ्रेमच्या कडांवर एक-दोन मिलीमीटरच्या आत आल्या तर हिशेब बरोबर आहे.

आता चित्र वाचता येते. काचांचे मध्य ७० मिलीमीटरवर आणि बाहुल्या ६२ वर, म्हणजे प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापेक्षा चार मिलीमीटर नाकाकडे आहे. ग्राहकाला ही फ्रेम ऐटबाज वाटली तरी त्याचा नंबर उणे सहा असेल तर काचेची बाहेरची कड जाड होणार, कारण उणे नंबरची काच मध्यापासून दूर जाताना जाड होत जाते. त्याच चेहऱ्यावर ४८ आणि १८ ची फ्रेम बसवली तर डोळा मध्यापासून दोनच मिलीमीटर सरकतो. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की दुकानदाराला हे बोटाने दाखवता येते.

चित्रात जे येत नाही तेही ग्राहकाला सांगावे लागते. डेमो काचांतून डोळे जसेच्या तसे दिसतात; उणे सहाच्या काचेमागे ते लहान दिसतात आणि कानशिलाजवळ चेहऱ्याची कड आत सरकलेली दिसते. समोरच्या फोटोत काडी कानामागे किती वळते हे कळत नाही, म्हणून १४० चा आकडा कागदावरच राहतो. नाकाचा उतारही समोरून दिसत नाही. बसक्या नाकावर १८ चा पूल चित्रात शोभतो आणि प्रत्यक्षात दिवसभर घसरतो. धातूच्या फ्रेमचे नोज पॅड चिमट्याने जवळ आणून हे सावरता येते, पण अॅसिटेटच्या अखंड फ्रेममध्ये पॅड तिचाच भाग असल्याने ती सोय नसते, तेव्हा अशी फ्रेम नाकावर ठेवून, मान खाली घालून पाहिल्याशिवाय मागवू नये.