पन्नास रुपये नेमके कशाचे?

गेल्या वर्षी कॉलेजच्या फेस्टमध्ये आमच्या ग्रुपने खाण्याचा स्टॉल लावला होता. मेन्यू ठरला, सामान आलं, आणि दरपत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. पॉवरपॉइंट उघडलं, एक टेक्स्ट बॉक्स घेतला, डावीकडे पदार्थाचं नाव लिहिलं आणि मग किंमत उजवीकडे जाईपर्यंत स्पेसबार दाबत राहिले. एखादी ओळ थोडी आत वाटली की आणखी एक स्पेस. जास्त बाहेर गेली की एक बॅकस्पेस. अर्ध्या तासात माझ्या लॅपटॉपवर सगळं सरळ दिसत होतं.

फेस्टच्या दिवशी ती फाइल हॉलमधल्या दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली आणि टीव्हीवर लावली. त्या लॅपटॉपवर मी वापरलेला फॉण्टच नव्हता, त्यामुळे पॉवरपॉइंटने दुसरा घेतला. किमती नागमोडी झाल्या. ‘साबुदाणा वडा, दही चटणीसह’ ही सगळ्यांत लांब ओळ. तिची ५० रुपये किंमत त्या ओळीत मावेना, म्हणून ती खालच्या ओळीवर अगदी डाव्या टोकाला एकटीच जाऊन बसली, बरोबर कोकम सरबताच्या डोक्यावर. मग काय! कुणी विचारतंय, “वडा फुकट आहे का?” कुणी म्हणतंय, “सरबत पन्नास? राहू दे.” सरबत होतं वीस रुपयांचं. दुपारपर्यंत आम्ही विकण्यापेक्षा समजावण्याचंच काम जास्त केलं.

यंदा इंटर्नशिपमध्ये हा किस्सा आमच्या ऑफिसात पान लावणाऱ्या काकांना सांगितला. ते हसले आणि म्हणाले, “अगं, स्पेसबार दोन शब्दांमधल्या जागेसाठी असतो. पानभर चालत जायला टॅब आहे ना!” मग त्यांनी दहा मिनिटांत तेच दरपत्रक पुन्हा करून दाखवलं. सबमिशन, स्टॉल, हॉस्टेलची नोटीस अशा ठिकाणी हे आपल्या सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे. इथल्या पायऱ्या विंडोजवरच्या पॉवरपॉइंटच्या आहेत.

स्पेसने का फसतं?

बहुतेक फॉण्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते. ‘र’ बारीक, ‘क्ष’ रुंद. स्पेसची रुंदीही फॉण्टप्रमाणे बदलते. त्यामुळे स्पेस मोजून दोन ओळी जुळवल्या, तर ते फक्त त्या एका फॉण्टपुरतं आणि त्या एका आकारापुरतं जुळलेलं असतं. फॉण्ट बदलला की सगळं गणित बिघडतं.

टॅबचं तसं नाही. टॅब म्हणजे ‘बॉक्सच्या डाव्या कडेपासून अमुक सेंटिमीटरवर जा’ असा हुकूम. मधली अक्षरं किती रुंद आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जुन्या टाइपरायटरवरही हेच होतं. थांबे आधी लावून ठेवायचे, की दाबली की कॅरेज थेट पुढच्या थांब्यावर. कीबोर्डवरची Tab ही की तिथूनच आलेली.

रुलरवरचा थांबा

आधी View या टॅबमध्ये जाऊन Ruler समोर खूण करा. स्लाइडच्या वर आणि डावीकडे पट्ट्या येतील. आता टेक्स्ट बॉक्सच्या आत क्लिक करा. बॉक्स नुसता सिलेक्ट करून चालत नाही, कर्सर आत लुकलुकायला हवा. दोन पट्ट्या जिथे भेटतात त्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह दिसेल. सुरुवातीला ते इंग्रजी L सारखं असतं, म्हणजे डावीकडून जुळवणारा टॅब. त्यावर क्लिक करत गेलं की एकेक प्रकार येतो: डावा, मधला, उजवा आणि दशांश.

किमतींसाठी उजवा घ्यायचा. याचं चिन्ह उलट्या L सारखं असतं. कारण साधं आहे: ८, ६० आणि १२० हे आकडे शेवटच्या अंकाला जुळले, तरच एककाखाली एकक येतो. डावा टॅब लावला तर ८ हा आकडा १२० मधल्या १ च्या खाली जाऊन बसतो आणि नजर चुकते. दशांश टॅब उपयोगी पडतो तो झेरॉक्सच्या दरांसारख्या यादीत, जिथे १.५० आणि १० एकाच रांगेत येतात. तो आकडे दशांश चिन्हाशी जुळवतो.

आता आमचं दरपत्रक. बॉक्स १६ सेंटिमीटर रुंद. कोपऱ्यात उजवा टॅब निवडला आणि रुलरवर १४ च्या खुणेवर क्लिक केलं. तिथे उलटा L उमटला. मग टाइप केलं: ‘मिसळ पाव’, एकदा Tab, ‘६०’, Enter. पुढच्या ओळीला तोच थांबा आपोआप मिळतो. ‘साबुदाणा वडा, दही चटणीसह’, एकदा Tab, ‘५०’. ‘कोकम सरबत’, एकदा Tab, ‘२०’. झालं.

माउसने नेमकं १४ वर बसत नसेल तर आकडा टाइप करता येतो. Home मधल्या Paragraph गटाच्या कोपऱ्यात एक बारीक बाण असतो. त्यावर क्लिक करा, उघडलेल्या खिडकीत खाली Tabs… बटण आहे. तिथे 14 लिहा, Right निवडा, Set दाबा, मग OK. नको असलेला थांबा काढायचा तर तो रुलरवरून धरून खाली ओढून सोडून द्या.

हाफ आणि फुल असे दोन दर असतील, तर दोन उजवे थांबे लावा, एक ११ वर आणि एक १४ वर. वरची ‘हाफ’, ‘फुल’ ही शीर्षकंही त्याच थांब्यांवर ठेवा, म्हणजे ती आपापल्या आकड्यांच्या माथ्यावर बसतात.

इथे हमखास चुकतं

पहिली चूक: यादी आधी टाइप करायची आणि मग कर्सर कुठल्यातरी एका ओळीत ठेवून थांबा लावायचा. टॅबचा थांबा त्या परिच्छेदापुरता असतो. मग एकच ओळ जागेवर जाते आणि बाकीच्या होत्या तिथेच राहतात. म्हणून यादी तयार असेल तर आधी बॉक्समध्ये Ctrl+A करून सगळ्या ओळी निवडा आणि मगच रुलरवर क्लिक करा.

दुसरी चूक: सवयीने Tab दोन-तीनदा दाबणं. दोन गोष्टींच्या मध्ये Tab एकदाच. एकदा दाबून जागेवर जात नसेल तर थांबा चुकलाय, तो सरकवा.

तिसरी गोष्ट चूक नाही, इशारा आहे. एकाच ओळीची किंमत रांग सोडून पुढे गेली, तर त्या पदार्थाचं नाव फार लांब आहे. नाव थांब्यापाशीच पोचलं, की किंमतीला तिथे जागा उरत नाही आणि टॅब पुढचा थांबा शोधतो. नाव छोटं करा किंवा थांबा उजवीकडे न्या.

दुसऱ्याने केलेली फाइल हातात आली तर? पॉवरपॉइंटमध्ये वर्डसारखी स्पेस आणि टॅबची चिन्हं दिसत नाहीत. काकांची युक्ती अशी: कर्सर किमतीच्या अगदी आधी ठेवा आणि डावा बाण एकदा दाबा. कर्सर एका उडीत पदार्थाच्या नावापाशी गेला तर टॅब आहे. मुंगीच्या पावलांनी सरकला तर स्पेस.

कॉलम कधी घ्यायचे?

आमचे पदार्थ झाले १२, आणि एका रांगेत ते स्लाइडवर मावेनात. इथे कॉलम कामाला येतात. बॉक्स २४ सेंटिमीटर रुंद केला. Home मध्ये Add or Remove Columns, त्यात More Columns… उघडलं. Number मध्ये 2 आणि Spacing मध्ये 1.5 लिहिलं. बॉक्सच्या दोन्ही बाजूंना आतून साधारण पाव-पाव सेंटिमीटर मोकळी जागा असते. ती आणि मधली दीड वजा केली, की २२ उरतात. म्हणजे प्रत्येक कॉलम ११ सेंटिमीटरचा.

आता १४ वरचा थांबा कॉलमच्या बाहेर पडला! म्हणून Ctrl+A करून तो १०.५ वर आणायचा. प्रत्येक कॉलममध्ये टॅब त्या कॉलमच्या डाव्या कडेपासून मोजला जातो, त्यामुळे एकच थांबा दोन्हीकडे चालतो.

कॉलम भरतात पेपरातल्या बातमीसारखे: पहिला तळापर्यंत भरला की मजकूर दुसऱ्यात जातो. ‘इथून पुढे दुसरा कॉलम’ असं सांगायची सोय पॉवरपॉइंटमध्ये नाही. ते बॉक्सच्या उंचीवर ठरतं. आधी बॉक्सवर राइट क्लिक करून Format Shape मध्ये Text Box च्या खाली Do not Autofit निवडा, म्हणजे उंची तुमच्या हातात राहील. मग खालची कड वर ओढत न्या. सहा ओळी डावीकडे आणि सहा उजवीकडे झाल्या की थांबा.

तुलना करायची असेल तर

याच स्वभावामुळे तुलनेसाठी कॉलम धोक्याचे ठरतात. माझ्या मैत्रिणीने हॉस्टेलच्या ग्रुपसाठी ‘मेस की डबा?’ अशी स्लाइड केली. डाव्या कॉलममध्ये मेसचे चार मुद्दे, उजव्यात डब्याचे चार. नंतर तिने मेसखाली एक मुद्दा वाढवला आणि मेसचा शेवटचा मुद्दा घसरून डब्याच्या डोक्यावर गेला. ‘रविवारी रात्री बंद’ हे अचानक डब्याबद्दल झालं. माझ्या वड्याचे पन्नास रुपये जसे सरबताचे झाले, अगदी तसंच.

अशी तुलना टॅबने करायची. इथे शब्द आहेत, म्हणून डावे थांबे, ७ आणि १२ वर. पहिली ओळ: Tab, ‘मेस’, Tab, ‘डबा’. त्याखाली ‘रविवार रात्र’, Tab, ‘बंद’, Tab, ‘चालू’. ‘सुट्टीतले पैसे’, Tab, ‘कापत नाहीत’, Tab, ‘कापतात’. आता मुद्दा आणि त्याची दोन्ही उत्तरं एकाच ओळीत बांधलेली आहेत. मध्ये नवी ओळ आली तरी सगळी मिळून खाली सरकतात.

मर्यादा एकच, प्रत्येक उत्तर दोन-तीन शब्दांत मावायला हवं. वाक्य लांबलं तर उरलेले शब्द पुढच्या ओळीत थेट डाव्या कडेला येतात, आपल्या थांब्याखाली नाही. तसं व्हायला लागलं की टॅबचा हट्ट सोडा आणि सरळ टेबल घ्या.

मी आता एवढंच लक्षात ठेवते: आडवं वाचायचं ते टॅबने, उभं वाचायचं ते कॉलमने. आणि फाइल पेनड्राइव्हवर टाकण्याआधी सगळा मजकूर निवडून एकदा भलताच फॉण्ट लावून बघते. किमती हलल्या नाहीत तर Ctrl+Z करून जुना फॉण्ट परत आणते. यंदाच्या स्टॉलचं दरपत्रक या परीक्षेत पास झालंय. सरबत अजून वीसच रुपयांना आहे.