सेल्फी व्हिडिओतली उलटी अक्षरं

बचत गटाच्या ताई लोणच्याची बरणी हातात धरून फोनसमोर उभ्या आहेत. मागे गटाचा फलक, बरणीवर लेबल, त्यावर नाव, वजन, किंमत. चाळीसेक सेकंदांचा व्हिडिओ छान झालाय, आवाजही स्वच्छ आलाय. पण गटाच्या ग्रुपवर टाकल्यावर पहिलाच प्रश्न येतो, "फलक उलटा का दिसतोय?" वाचायला गेलं तर खरंच वाचता येत नाही. शिरोरेषा वरच आहे, पण अक्षरांचे दंड उजवीकडून डावीकडे गेलेत आणि ओळ उजवीकडून सुरू होतेय. दुकानाच्या काचेवर रंगवलेलं नाव आत उभं राहून वाचावं, तसं ते दिसतं.

हे का होतं, ते आधी समजून घेऊ. पुढच्या कॅमेऱ्यासमोर आपण उभे राहिलो की फोन पडद्यावर आपल्याला आरशासारखं चित्र दाखवतो. तसं केलं नाही तर केसांची बट सावरायला हात भलत्याच बाजूला जातो, कारण आयुष्यभराची सवय आरशाची आहे. इथपर्यंत सगळं सोयीचंच आहे. गोंधळ होतो तो पुढे, व्हिडिओ साठवताना. काही फोन साठवताना चित्र परत सरळ करतात, तर काही पडद्यावर दिसलं तसंच आरशातलं ठेवतात. कोणत्याही अ‍ॅपच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातून चित्रण केलं तर तिथला नियम आणखी वेगळा असू शकतो.

म्हणून शूटिंग करताना पडद्यावर अक्षरं उलटी दिसली, एवढ्यावरून घाबरून काही करायला जाऊ नका. पाच सेकंदांचा तुकडा घ्या, गॅलरीत जाऊन तो उघडा आणि फलक वाचा. तिथे सरळ वाचता आला तर काम संपलं. घाईत आधीच सरळ असलेला व्हिडिओ फ्लिप करून उलटा करणारे लोक कमी नाहीत. व्हिडिओ कॉलवरही हाच गैरसमज होतो. झूमवर आपल्याला आपलं चित्र आरशातलं दिसतं, पण समोरच्यांना ते सरळच दिसत असतं. तिथे टी-शर्टवरच्या अक्षरांची काळजी करायचं कारण नाही.

फाइलच उलटी असेल तर एकच उपाय: चित्र आडवं फ्लिप करायचं, म्हणजे डावं ते उजवं. इथे एक चूक वारंवार होते. फिरवण्याचं बटण, म्हणजे रोटेट, आणि फ्लिप ही दोन वेगळी कामं आहेत. रोटेट कितीही वेळा दाबलं तरी आरशातलं चित्र आरशातलंच राहतं. अर्धा फेरा फिरवलं तर ताई डोक्यावर उभ्या राहतील आणि फलक तरीही वाचता येणार नाही. चुकून उभं फ्लिप झालं आणि चित्र वरचं खाली गेलं, तर तेच चित्र अर्धा फेरा फिरवा. उभं फ्लिप आणि अर्धा फेरा मिळून बरोबर आडवं फ्लिप होतं.

आयफोनवर हे Photos मध्येच होतं. व्हिडिओ उघडून Edit दाबा, मग चौकटीचं, म्हणजे क्रॉपचं चिन्ह निवडा. वरच्या डाव्या कोपऱ्यात फ्लिपचं चिन्ह येतं. अँड्रॉइडवर इनशॉटसारख्या अ‍ॅपमध्ये क्लिप घेतली की खालच्या पट्टीत Flip सापडतं. संगणकावर ज्यांना आदेश टाइप करायला हरकत नाही त्यांच्यासाठी ffmpeg हा मोफत प्रोग्रॅम आहे:

```
ffmpeg -i lonche.mp4 -vf hflip -crf 18 -c:a copy saral.mp4
```

यातलं `hflip` म्हणजे आडवं फ्लिप. `-c:a copy` मुळे आवाजाला हात लागत नाही. `-crf 18` चित्राचा दर्जा राखण्यासाठी आहे. तो आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. फ्लिपमध्ये प्रत्येक ओळीतल्या ठिपक्यांचा क्रम फक्त उलटतो, त्यात काहीच हरवत नाही. मात्र व्हिडिओ पुन्हा साठवताना तो नव्याने दाबून लहान केला जातो आणि तिथे थोडी झीज होते. म्हणून फ्लिप, काटछाट, संगीत असं सगळं एकाच बैठकीत करून एकदाच एक्सपोर्ट करा.

आता ताईंच्या व्हिडिओकडे पुन्हा वळू, कारण त्यात एक खरी अडचण आहे. त्यांनी फलक उलटा असल्याचं लक्षात येण्याआधीच व्हिडिओवर 'घरगुती कैरीचं लोणचं' अशी ओळ आणि खाली फोन नंबर टाकला होता, आणि मग तयार रील एक्सपोर्ट केली होती. ती रील आता फ्लिप केली तर फलक सरळ होईल, पण ही ओळ आणि नंबर उलटे होतील. एक्सपोर्टनंतर अक्षरं चित्रातच मुरलेली असतात, ती वेगळी काढता येत नाहीत. मार्ग एकच: मूळ क्लिप शोधायची, ती आधी फ्लिप करायची आणि ओळ नंतर टाकायची. अ‍ॅपमध्ये प्रकल्प जतन असेल तर काम सोपं आहे. तिथे ओळीचा थर वेगळा असतो, त्यामुळे फक्त क्लिप निवडून फ्लिप केली की ओळ जागच्या जागी राहते.

दुसरी अडचण त्यांच्याच व्हिडिओत पुढे आली. मध्ये कैऱ्या चिरतानाचा एक तुकडा मागच्या कॅमेऱ्याने घेतलेला होता. मागचा कॅमेरा आरसा करत नाही. सगळं एकदम फ्लिप केलं असतं तर तो तुकडा बिघडला असता. प्रत्येक तुकडा वेगळा तपासावा लागतो.

पण ज्या तुकड्यात एकही अक्षर नसेल तिथे ओळखायचं कसं? इथे साडी उपयोगी पडते. आपल्याकडची नेहमीची साडी किंवा नऊवारी नेसल्यावर पदर डाव्या खांद्यावर असतो. समोर उभी असलेली बाई सरळ चित्रात असेल तर तो पदर आपल्या उजव्या हाताला दिसायला हवा. डाव्या हाताला दिसला तर चित्र आरशातलं आहे. गुजराती पद्धतीचा, उजव्या खांद्यावरून पुढे येणारा पदर असेल तर हिशेब उलटा होतो, तेवढं ध्यानात ठेवा. गाडीत घेतलेल्या व्हिडिओत स्टिअरिंग गाडीच्या डाव्या बाजूला आलं, किंवा उजव्या हाताने सुरी धरणारी व्यक्ती अचानक डावखुरी झाली, तरी तीच शंका घ्या. माझ्या मते अक्षरांपेक्षाही या खुणा महत्त्वाच्या आहेत. चिरायचं कसं, गाठ कशी मारायची, तबल्यावर कोणता हात कुठे, हे शिकवणारा व्हिडिओ उलटा असेल तर शिकणारा चुकीच्या हाताने शिकतो आणि त्याला ते कळतही नाही.

फ्लिप केल्यावर एक तक्रार हमखास येते: "माझा चेहरा वेगळाच दिसतोय." ती खरी आहे. १९७७ साली मीटा, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्रज्ञांनी काही स्त्रियांना त्यांचाच फोटो सरळ आणि आरशातला असा दोन्ही प्रकारे दाखवला. बहुतेकींना स्वतःचा आरशातला फोटो आवडला, तर त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याला जे रोज दिसतं, ते त्याला बरं वाटतं. तेव्हा सरळ केलेला व्हिडिओ स्वतःला खटकला म्हणून परत उलटा करू नका. गिऱ्हाईक, शेजारी, नातलग सगळे तुम्हाला त्याच बाजूने ओळखतात.

वारंवार व्हिडिओ करत असाल तर सेटिंगच एकदा लावून टाका. नव्या आयफोनवर Settings मध्ये Camera खाली Mirror Front Camera आहे, ते बंद ठेवा. जुन्या आयफोनवर तोच पर्याय Mirror Front Photos या नावाने आहे, पण तो फक्त फोटोंपुरता. सॅमसंगच्या कॅमेऱ्यात Save selfies as previewed बंद करा. इतर फोनवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Mirror हा शब्द शोधा. बदल केल्यावर पुन्हा पाच सेकंदांचा तुकडा घेऊन गॅलरीत फलक वाचून पाहा, आणि रील लोकांपर्यंत नीट पोहोचली याची खात्री होईपर्यंत मूळ क्लिप फोनमधून काढू नका.